डोकेदुखी, औषधातियोगजन्य
डोकेदुखीवरील तात्कालिक औषधे महिनोन्‌महिने वारंवार घेतल्यामुळे उद्भवणाऱ्या किंवा बळावणाऱ्या डोकेदुखीस ‘औषधातियोगजन्य डोकेदुखी’ म्हणतात. औषधाने प्रत्येक वेळी घटकाभर आराम पडतो. मात्र दुखण्याचे दिवस वाढत जातात. रुग्णाला आरामाचा अनुभव रोज येतो आणि वाढ सावकाश होते, त्यामुळे औषधाचा संशय त्याला बहुधा येत नाही. अर्गटापासून मिळणाऱ्या एर्गोटामीन या औषधाच्या बाबतीत हा प्रकार १९५१ च्या सुमारास वर्णिला गेला. साध्या वेदनाशामकांनीही तेच घडते, हे पुढे लक्षात आले.

मूळची डोकेदुखी असलेल्या व्यक्तीस महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि तीन महिन्यांहून अधिक काळ औषधाचा अतियोग चालू असेल, तर हे निदान केले जाते. पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन यांसारख्या एकेरी औषधांच्या बाबतीत महिन्यातील १५ दिवस म्हणजे अतियोग होय. एर्गोटामीन, ट्रिप्टान गटातील औषधे, अफूजन्य औषधे आणि कॅफीनयुक्त मिश्र गोळ्या यांच्या बाबतीत ही मर्यादा १० दिवसांचीच आहे. येथे गोळ्यांची संख्या नव्हे, तर गोळी घेतल्याचे दिवस मोजतात. संधिवातासाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या, पण मूळची डोकेदुखी नसलेल्या माणसास हा विकार सहसा होत नाही. अर्धशिशी वा ताणजन्य डोकेदुखीची प्रवृत्ती आधी असावी लागते. वेदना वाहून नेणाऱ्या तंत्रिकामार्गांची संवेदनक्षमता वाढते, असे मानतात. यंत्रणेचा पूर्ण उलगडा झालेला नाही.

सावनेर (जि. नागपूर) येथील एका ३६ वर्षांच्या स्त्रीचे पुढील उदाहरण प्रातिनिधिक म्हणून कल्पिले आहे. तिला अठराव्या वर्षापासून महिन्यातून दोन-तीनदा अर्धशिशीचा झटका येई : डोक्याची एक बाजू ठणके, मळमळ होई, उजेड सहन होत नसे आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागे. दुकानातील कॅफीनयुक्त मिश्र गोळीने झटका थांबे. एका उन्हाळ्यात, वैदर्भीय उन्हाच्या दिवसांत, झटके वाढले. पुढे दुखेल या भीतीने ती सकाळीच गोळी घेऊ लागली. दिवाळीपर्यंत भिंतीवरील दिनदर्शिकेवर महिन्याला २४ दिवस डोकेदुखीच्या आणि २२ दिवस गोळीच्या खुणा झाल्या. चष्मा बदलून पाहिला, नाकाच्या पोकळ्यांची क्ष-किरण तपासणी झाली. दोष आढळला नाही.

दुखण्याचे रूप मात्र बदलले होते. पहाटे जाग येतानाच सबंध डोके मंदपणे दुखे. त्यावर अधूनमधून जुना एकांगी ठणका उमटे. रात्रभरात औषधाचा अंमल उतरतो, म्हणून पहाटेची वेळ. मंद व दुतर्फा दुखण्यामुळे हा विकार ताणजन्य डोकेदुखीसारखा भासतो. ती पट्टा आवळल्यासारखी असते, तीत ओकारी होत नाही आणि रुग्ण कामे करू शकतो. गुच्छ डोकेदुखी याहून अगदी निराळी : एका डोळ्याभोवती असह्य वेदना, त्याच डोळ्यातून पाणी, पाऊण ते दीड तासाचा झटका, बेचैन येरझाऱ्या, आणि काही आठवड्यांनी दीर्घ विश्रांती. एकूण, केवळ दुखण्याच्या वर्णनावरून औषधातियोग ओळखता येत नाही. दिनदर्शिकेवरील खुणाच तो दाखवितात.

उपचार म्हणजे ते औषध थांबविणे. साधी वेदनाशामके व ट्रिप्टाने एकदम बंद करता येतात; अफूजन्य व झोपेची औषधे मात्र वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात. वरील उदाहरणात दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणे आधीपेक्षा वाढले, ओकाऱ्या झाल्या, झोप उडाली. बहुतेक रुग्ण येथेच पुन्हा गोळी घेतात. औषधावाचून आपले चालत नाही, असा चुकीचा निष्कर्षही याच दिवसांत निघतो. हा काळ साधारणपणे २ ते १० दिवसांचा असतो. त्याचबरोबर प्रोप्रॅनोलॉल किंवा रात्री अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांसारखे प्रतिबंधक औषध सुरू करतात. दमेकऱ्यास प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. दोन महिन्यांनी महिन्याचे डोकेदुखीचे दिवस ५ वर आले आणि जुनी एकांगी, ठणकणारी अर्धशिशी पुन्हा स्पष्ट दिसू लागली. झटक्यावरील गोळी यापुढे आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक घ्यावयाची नाही, असे ठरले. औषध थांबवूनही काहींची डोकेदुखी कमी होत नाही, तर बऱ्याच जणांत पहिल्या वर्षातच अतियोग पुन्हा सुरू होतो.

क्षणार्धात उद्भवलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप व मान ताठरणे, हातापायातील दुर्बलता, दृष्टिदोष, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी यांचा उगम गोळ्यांत शोधीत बसू नये; अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.