आवाज बंद असताना रील विकते का? भाजणीच्या रीलची दुरुस्ती

मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी थालीपीठाच्या भाजणीची रील टाकली. शूटिंग छान, प्रकाश छान, आणि बोलल्याही मनापासून. प्रत्येक जिन्नस वेगळा का भाजायचा, हे त्यांनी नीट समजावलं होतं. पण खाली कमेंट काय? "हे कसलं पीठ आहे?", "पाठवता का?", "केवढ्याला?"

मी त्यांना म्हटलं, ताई, तुमचा मोबाईल म्यूट करा आणि स्वतःचीच रील बघा. बघितली. कढईत काहीतरी भाजतंय, मग पीठ, मग पाकीट. बस्स. जे सांगायचं होतं ते सगळं आवाजात होतं. बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी बघणाऱ्याला ते पोचलंच नव्हतं.

त्यांनी लगेच सगळी माहिती पडद्यावर लिहिली. भाव, वार, गाव, सगळं. रील चालली, ऑर्डरीही आल्या. पण दोन महिन्यांनी डाळ महागली, ताईंनी अर्ध्या किलोचा भाव १२० वरून १४० केला आणि खरी कटकट सुरू झाली. जुनी रील लोकांसमोर येतच होती. "व्हिडिओत १२० लिहिलंय की!" असं म्हणून गिऱ्हाईक अडून बसायचं. दोन-तीन ऑर्डरी त्यांनी जुन्या भावातच दिल्या, पदरचे पैसे घालून.

इथेच मुद्दा लक्षात घ्या. इन्स्टाग्रामवर पोस्ट केल्यानंतर कॅप्शन बदलता येतं, पण व्हिडिओवर छापलेली अक्षरं बदलता येत नाहीत. म्हणून लिहायला बसताना एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे पडद्यावरचा मजकूर, उजवीकडे कॅप्शन. प्रत्येक माहितीला विचारा, ही सहा महिन्यांनी बदलेल का? बदलणार असेल तर उजवीकडे.

ताईंची १८ सेकंदांची रील आम्ही पुन्हा अशी लिहिली. पडद्यावर:

पहिले ३ सेकंद, कढई: "थालीपीठाची घरगुती भाजणी"
पुढचे ४, डाळ भाजताना: "डाळीला वेळ लागतो, धणे लगेच करपतात"
पुढचे ३, दुसरी कढई: "म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते"
पुढचे ४, पीठ मळताना: "कांदा, तिखट, मीठ घाला आणि थापा"
शेवटचे ४, पाकीट: "सांगली-मिरजेत घरपोच. भाव आणि वार कॅप्शनमध्ये", त्याखाली व्यवसायाचं नाव आणि फोन.

आणि कॅप्शन:

"अर्धा किलो १४० रु., दर शनिवारी ताजी. ऑर्डर गुरुवार रात्रीपर्यंत. मेसेजमध्ये फक्त 'भाजणी' आणि पत्ता लिहा. यात ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे आहे."

कॅप्शनची सुरुवात थेट भावाने का? कारण रील बघताना कॅप्शनची पहिली ओळच दिसते, तीही बऱ्याचदा अर्धी. तिथे "नमस्कार मैत्रिणींनो, आज मी तुमच्यासाठी" लिहिलंत तर ती जागा गेली. पडद्यावरचंच वाक्यही तिथे परत लिहू नका. बघणाऱ्याने भाजणी पाहिली, आता त्याचा पुढचा प्रश्न "केवढ्याला?" हाच आहे.

मग गाव, नाव आणि फोन पडद्यावर कशाला, असं ताईंनी विचारलं. बरोबर प्रश्न. कोणी रील डाउनलोड करून भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की कॅप्शन मागेच राहतं, जातो फक्त व्हिडिओ. फोन आणि गाव सहसा बदलत नाही, तेव्हा ते व्हिडिओसोबत फिरू द्या. भाव पडद्यावर टाकायचाच असेल, सणाच्या ऑफरसाठी वगैरे, तर शेजारी तारीखही टाका.

अक्षरं पडद्याच्या मध्यभागी, किंचित वर ठेवा. खाली तुमचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे लाइक-कमेंटची बटणं. ताईंचा फोन नंबर पहिल्या खेपेला नेमका त्याखाली गेला होता! मराठीसाठी जाड, साधा फॉन्ट घ्या. नक्षीदार फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात, रफार आणि वेलांटी कापली जाते. पोस्ट करण्याआधी "प्रत्येक"मधला "त्ये" नीट दिसतोय का, एवढं मोबाईलवरच बघा, लॅपटॉपवर नको.

वेळ मोजायची सोपी युक्ती: ओळ पडद्यावर आहे तोवर ती मनात सावकाश दोनदा वाचून झाली पाहिजे. होत नसेल तर सेकंद वाढवण्याआधी शब्द कमी करा. तुम्ही स्वतः ती ओळ लिहिलेली असते, त्यामुळे तुम्हाला ती नेहमी पटकन वाचता येते. म्हणून ही परीक्षा दुसऱ्याकडून घ्या.

ताईंनी शेजारच्या काकूंना म्यूट करून एकदाच रील दाखवली आणि विचारलं, काय विकतेय, कुठे मिळेल, भाव कुठे बघाल? पहिली दोन उत्तरं आली. तिसऱ्याला काकू म्हणाल्या, "ते कॅप्शन म्हणजे कुठे गं?" आता शेवटच्या ओळीत लिहिलंय: "भाव आणि वार खाली लिहिलाय".