दोन पाट्यांच्या मधले काम : नवख्यांच्या रेझ्युमेतील एका ओळीची दुरुस्ती

समाजमाध्यमांवर ‘कॅरोसेल’ म्हणजे बोटाने एकामागून एक सरकवायच्या पाट्यांची मालिका. इन्स्टाग्रामवर ही सोय २०१७ मध्ये आली. नोकरीच्या शोधात असलेल्या नवख्यांसाठी तयार होणाऱ्या अशा मालिकांचा साचा ठरलेला असतो : ‘आधी’च्या पाटीवर रेझ्युमेतील दुबळी ओळ आणि ‘नंतर’च्या पाटीवर तिचेच भक्कम रूप. ही रीत शिकवण्यास सोपी आहे खरी. परंतु पहिल्या ओळीतून दुसरी कशी निघाली, हे दोन्ही पाट्यांवर नसते, आणि नवख्या उमेदवाराला नेमके तेच हवे असते.

नमुना म्हणून, करसल्लागाराच्या कार्यालयात तीन महिने इंटर्नशिप, म्हणजे शिकाऊ काम, केलेल्या वाणिज्य पदवीधराचा काल्पनिक रेझ्युमे घेता येईल. त्यात ‘हेल्प्ड इन जीएसटी वर्क’, म्हणजे जीएसटीच्या कामात मदत केली, एवढीच ओळ आहे. या ओळीत व्याकरणाची चूक नाही. दोष असा की त्या कार्यालयात फाइली लावणारा आणि विवरणपत्रे तयार करणारा असे दोघेही ती सारखीच लिहू शकतात. ‘हेल्प्ड’च्या जागी एखादे भारदस्त क्रियापद बसवून हा दोष जात नाही, कारण उणीव शब्दाची नसून माहितीची आहे.

ती माहिती उमेदवाराला प्रश्न विचारूनच बाहेर काढावी लागते. रोज टेबलावर कोणता कागद येत होता, या प्रश्नावर उत्तर मिळते की व्यापाऱ्यांची खरेदी-बिले ‘जीएसटीआर-२बी’शी ताळून पाहायची होती. पुरवठादारांनी आपापल्या विवरणपत्रांत दाखवलेल्या बिलांवरून जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास आपोआप तयार होणारा तक्ता म्हणजे जीएसटीआर-२बी. पुरवठादाराने बिल दाखवलेच नसेल, तर ते या तक्त्यात येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, व्यापाऱ्याला त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणून दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या बाबतीत साधारणतः २० तारखेच्या आत असे बिल हुडकणे हेच त्या कामाचे मर्म ठरते. पुढचे प्रश्न व्यापाचे आणि साधनाचे : व्यापारी तीन, प्रत्येकाची महिन्याला सुमारे ८० बिले, म्हणजे एकूण २४०, आणि जुळणी एक्सेलमधील `VLOOKUP` या सूत्राने. शेवटचा प्रश्न निष्पत्तीचा : तीन महिन्यांत ३१ बिले जुळली नाहीत आणि त्यांची यादी वरिष्ठांकडे गेली.

आता ‘नंतर’ची ओळ जवळजवळ आपोआप उभी राहते : ‘तीन व्यापाऱ्यांची दरमहा सुमारे २४० खरेदी-बिले एक्सेलमध्ये जीएसटीआर-२बीशी ताळून पाहिली; तीन महिन्यांत न जुळणारी ३१ बिले विवरणपत्र भरण्यापूर्वी वेगळी काढून दिली.’ व्यापाऱ्यांची नावे तीत नाहीत आणि ती नसावीतच, कारण ती माहिती कार्यालयाच्या विश्वासातली असते.

गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१४ मध्ये मांडलेले सूत्र याच वळणाचे आहे : काय साधले, ते कशाने मोजले आणि ते कसे केले, हे तिन्ही एका ओळीत यावे. मात्र नवख्याच्या हाती बहुधा व्याप आणि पद्धत असते, निष्पत्ती वरिष्ठांच्या निर्णयाने ठरते. त्यामुळे सूत्राचा पहिला भाग ओढूनताणून भरण्याच्या नादात ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ अशी ओळ जन्माला येते. कॅरोसेलवरून उचललेली टक्केवारी ओळखणे मुलाखतकाराला अवघड जात नाही. आधी किती होते आणि कोणी मोजले, एवढे विचारले की उमेदवार अडखळतो आणि त्याच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. उलट ३१ बिले का जुळली नाहीत, या प्रश्नाला वरील पदवीधर निःशंकपणे उत्तर देऊ शकतो : काही पुरवठादारांनी विवरणपत्र भरले नव्हते, तर काही बिलांच्या क्रमांकात एखादी तिरकी रेघ कमी-जास्त पडल्याने `VLOOKUP`ला ती सापडत नव्हती.

चौघांनी मिळून केलेल्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आकडा नसला, तरी चालते. तेथे ‘आम्ही अ‍ॅप बनवले’ याऐवजी लॉगिनचा भाग कोणी लिहिला आणि चाचणी कोणी घेतली, हे सांगणे पुरेसे असते. ‘नामांकित संस्थेत प्रगतीची संधी शोधत आहे’ या धाटणीची उद्दिष्टाची ओळ मात्र सुधारण्याच्या भानगडीत न पडता काढून टाकावी, कारण प्रश्न विचारूनही तिच्यातून काही निघत नाही.

या साऱ्याला लागणारा कच्चा माल इंटर्नशिप संपल्यावर आठवून मिळणे कठीण असते. ३१ बिलांचा आकडा टिकतो तो दर महिन्याच्या जुळणीनंतर वहीत तारीख, एकूण बिले आणि न जुळलेली बिले एवढी एक ओळ टिपून ठेवली असेल तरच.