सूत्र बरोबर आलंय का? आधी कोन शून्याजवळ नेऊन पाहा

१ मीटर दोरीला टांगलेला गोळा आडव्या वर्तुळात फिरतोय. दोरी उभ्या रेषेशी θ कोन करते. एका फेरीचा वेळ समजा असा आला: T = 2π√(L sinθ/g).

कोन अगदी लहान केला, तर sinθ ≈ θ, म्हणजे वेळ शून्याकडे जातो. पण तेव्हा गोळा साध्या लंबकासारखा वागतो. त्याला सुमारे २ सेकंद लागायलाच हवेत. चूक इथेच सापडते: कोन आडव्या रेषेपासून मोजला गेला.

cosθ घातल्यावर लहान कोनात लंबकाचंच सूत्र मिळतं. ९०° जवळ वेळ शून्याकडे जातो. दोरी आडवी राहायला अफाट वेग लागतो, हेही पटतं.

मात्र cos²θ लिहिलं तरी दोन्ही टोकं जुळतात. ही तपासणी चूक पकडते, सूत्र सिद्ध करत नाही.