चुकीच्या चौकटीवर बोट

बर्लिनच्या यू-बान स्थानकांत तिकिटाची फाटके नसतात. साध्या वेशातले तपासनीस गाडीत चढून तिकिटे पाहतात. तिथे शिकायला गेलेल्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीने यंत्राच्या पडद्यावर AB विभाग निवडला आणि सवलतीच्या तिकिटावर बोट ठेवले. विद्यार्थ्यांना सवलत असणारच, असे तिने धरून चालले. प्रत्यक्षात ते भाडे मुख्यतः 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी असते. फलाटावरच्या पेटीत तिकीट घालून तिने शिक्काही मारून घेतला होता. तरी तपासनिसाने 60 युरोंचा दंड लावला, कारण मुलांचे तिकीट घेऊन निघालेला प्रौढ तिथे विनातिकीटच धरला जातो. विद्यापीठात नोंदणी झालेल्यांचा सत्राचा पास वेगळा असतो. तो हाती येईपर्यंत पूर्ण दराचेच तिकीट काढावे लागते.