अब्रुनुकसानी: गुन्हा की दिवाणी दावा?

कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ने केला. आधाराची पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही 1882 मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली.

कायद्यानुसार सत्य विधानही लोकहितार्थ असावे लागते. चूक सद्भावनेने झाली असल्यास पुरेशी काळजी घेतल्याचे आरोपीलाच दाखवावे लागते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी खटल्यात, प्रतिष्ठा हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानून, हा गुन्हा वैध ठरवला. परंतु माफी व भरपाईने बर्वे यांची प्रतिष्ठा सावरत असेल, तर कैदेने अधिक काय साधते? अनुच्छेद 19(2) मधील ‘वाजवी निर्बंधां’ची कसोटी येथेच लागते.