राखाडी पट्ट्यातल्या रेघा

निळसर स्क्रीन सॉफ्टवेअरने कॅलिब्रेट केली, की दुरुस्ती ग्राफिक्स कार्डात होते. ८ बिटच्या जोडणीत निळ्याच्या २५६ पायऱ्या असतात. सर्वात वरची पायरी २२० वर आणली, की २२१ पायऱ्यांतच भागवावं लागतं. शेजारच्या छटा एक होतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा राखाडी पट्टा पूर्ण स्क्रीनवर उघडा. रेघा आणि मधेच गुलाबी-हिरवट झाक दिसली, तर हेच झालेलं असू शकतं.

हार्डवेअर कॅलिब्रेशनमध्ये सिग्नलच्या २५६ पायऱ्या शाबूत राहतात. दुरुस्ती मॉनिटरमधल्या तक्त्यात होते. आयझोच्या अनेक कलरएज मॉनिटरांत तो १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा असतो. रंगांचं वर्णन करणारी प्रोफाइल मात्र दोन्हीकडे लागतेच.

छपाईसाठी संध्याकाळचं आकाश सुधारणाऱ्याला हा खर्च परवडतो. इतरांनी पांढरा रंग आधी मॉनिटरच्या बटणांनीच जुळवावा. सॉफ्टवेअरला मग थोडंच करावं लागतं.