नावातच कळावी चढण

पुणे-मुंबईकडच्या कंपन्यांत दर पावसाळ्याच्या तोंडाशी एक तरी नवा ट्रेक ग्रुप उभा राहतो. गाडी ठरते, गड ठरतो, टी-शर्टचा रंगही ठरतो, पण अडतं ते नावाशी. ज्यांना सोबत न्यायचं आहे ती माणसं आठवडाभर खुर्चीत बसणारी आणि जिन्याऐवजी लिफ्ट वापरणारी असतात. रोमांच वाटला नाही तर ती रविवारची झोप सोडणार नाहीत, आणि भीती वाटली तर नाव नोंदवणार नाहीत. एकाच नावाला ही दोन्ही कामं करायची असतात.

आपल्याकडच्या जुन्या संस्थांची नावं यासाठी पाहण्यासारखी आहेत. मुंबईची गिरिविहार आणि पुण्याची गिरिप्रेमी, या दोन्ही नावांत ‘गिरी’ डोंगराची उंची आणतो, पण त्याला जोडलेले ‘विहार’ आणि ‘प्रेमी’ हे शब्द मऊ आहेत. त्यात कुठे झुंज नाही, की कशावर स्वारी नाही. तरीही त्याच गिरिप्रेमीने 2012 मध्ये एव्हरेस्टची मोहीम यशस्वी केली. म्हणजे सौम्य नावामुळे संस्थेच्या पराक्रमाला काही कमीपणा येत नाही. नाव बांधण्याची ही रीत नवख्यांच्या क्लबलाही उपयोगी पडते: साहस जागेच्या नावातून यावं आणि दिलासा त्याच्या जोडीच्या शब्दातून.

‘सुरक्षित’ हा शब्द मात्र नावात घालू नये. तो वाचताच माणूस अपघाताचा विचार करू लागतो. शिवाय ते असं आश्वासन आहे जे डोंगरावर कोणीच पुरतं पाळू शकत नाही. निसरडा कातळ, अचानक उतरलेलं धुकं, गांधीलमाश्यांचं मोहोळ या गोष्टी कुणाच्या हातात नसतात.

समजा, हिंजवडीतल्या पंधरा-वीस सहकाऱ्यांना असा क्लब काढायचा आहे. पहिल्या बैठकीत हमखास येणारी नावं अशी: सह्यवेडे, रौद्र सह्याद्री, कडेकपारी, पायवाट, वीकेंड वॉकर्स. यांतलं योग्य कोणतं, हे आपसात वाद घालून कळत नाही, कारण बैठकीतल्या बहुतेकांनी आधीच चार-सहा गड केलेले असतात. त्यासाठी कधीच ट्रेक न केलेल्या आठ-दहा जणांना गाठावं. त्यांना फक्त नाव सांगावं आणि विचारावं, “ही मंडळी तुम्हाला कुठे नेतील असं वाटतं?”

उत्तरात गडांची नावं येतील असं नाही, पण वर्णन येतं आणि त्यावरून पट्टी लावता येते. पट्टीच्या एका टोकाला अलंग-मदन-कुलंग ठेवावेत, जिथे दोर लावून चढावं लागतं. दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरची सहल ठेवावी. मधे, आपल्याला हव्या त्या जागी, लोणावळ्याकडून जाणारी राजमाचीची वाट ठेवावी. ती लांब आहे, दम काढते, पण बहुतेक रुंद आणि मळलेली आहे. ‘रौद्र सह्याद्री’ ऐकून लोक दोर आणि कडे सांगतात. ‘वीकेंड वॉकर्स’ ऐकून बागेतल्या फेऱ्या सांगतात. ‘कडेकपारी’ कानाला गोड लागतं, पण ज्याला उंचीची भीती आहे तो पहिल्या दोन अक्षरांवरच थांबतो. ‘पायवाट’ जवळ येतं, मात्र त्यात गड दिसत नाही.

अशा वेळी गडाचीच रचना कामाला येते. गडाच्या सगळ्यांत वरच्या भागाला बालेकिल्ला म्हणतात आणि त्याच्या खाली पसरलेल्या सपाट भागाला माची. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. चढून आलेला माणूस पद्मावती माचीवर पाठीवरची सॅक उतरवतो, पाणी पितो, आणि बालेकिल्ल्याच्या उभ्या वाटेला जायचं की इथेच बसून राहायचं हे ठरवतो. राजमाचीला तर माचीवर उधेवाडी हे गावच आहे, आणि श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले त्याच्या वर आहेत. माची हा खरा गड आहे, तरीही तिथे पायाखाली सपाट जमीन आहे आणि पुढे जाण्याची सक्ती नाही. नवख्याला नेमकं हेच हवं असतं.

म्हणून कोणीतरी ‘रविवारची माची’ सुचवतं. मराठी कानाला ते छान वाटतं. पण कंपनीत मराठी न येणारेही असतात, आणि नोंदणीची लिंक रोमन लिपीत जाते. तिथे ‘माची’ सहज ‘मच्छी’ वाचली जाते, आणि रविवार जोडला की लोकांना जेवणाचा बेतच वाटतो. रोमन लिपीत लिहून परक्या माणसाकडून वाचून घेणं ही दुसरी चाचणी त्यासाठीच आहे. याच चाचणीत ‘ळ’ असलेली नावंही अडखळतात. ‘गडमाची’ केलं की गोंधळ मिटतो. शब्द लहान आहे, फोनवर एकदा सांगून कळतो आणि गड आधी येतो.

उरलेलं काम नावाखालच्या ओळीने करावं: ‘नोकरदारांसाठी रविवारचे सोपे ट्रेक’. ‘सोपे’ हा शब्द इथे मोघम नाही. गडांची माहिती देताना चढाईची श्रेणी सोपी, मध्यम, कठीण अशीच लिहितात. त्यामुळे ही ओळ मोजता येते आणि पाळता येते.

नाव पक्कं करण्याआधी कायद्याकडेही पाहावं. गडांशी नातं म्हणून अनेकांना शिवछत्रपतींचं नाव घ्यावंसं वाटतं. परंतु 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यवसायासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. संस्था म्हणून नोंदणी करायची असेल, तर आधी नोंदलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव अडचणीचं ठरतं. म्हणून ‘गडमाची’ नावाचा एखादा ग्रुप, दुकान किंवा रिसॉर्ट आधीच आहे का, हे टी-शर्ट छापण्याआधी शोधावं. असेल तर पुन्हा पट्टी हातात घ्यावी.

नाव बरोबर लागलं की नाही, हे पहिल्या महिन्यातल्या फोनवरून कळतं. “रॅपलिंग आहे का?” असं विचारणारेच जास्त असतील, तर नाव फार तिखट झालं आहे. “गाडी थेट वरपर्यंत जाते का?” असे प्रश्न येऊ लागले, तर ते फार पातळ झालं आहे. “बूट कोणते घेऊ?” आणि “मधूनच परत फिरता येईल का?” हे प्रश्न आले की समजावं, नाव योग्य माणसापर्यंत पोचलं आहे.

पुढची जबाबदारी ट्रेकच्या वेळापत्रकाची. लोहगड, कोरीगड, राजमाची हे गड ‘गडमाची’ला शोभतात. समाजमाध्यमांवर फोटो गाजतात म्हणून याच नावाखाली नवख्यांना हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर नेलं, तर त्या दिवसापासून नाव खोटं पडलं. मुरलेल्या सदस्यांना अवघड गड हवेच असतील, तर त्या मोहिमांना वेगळं नाव द्यावं आणि त्यात प्रवेश आधी झालेल्या ट्रेकवरून द्यावा. पहिल्यांदा येणारा माणूस नाव वाचून पैसे भरतो. गडाची श्रेणी त्याला अजून वाचता येत नाही.